बँकेला तक्रार करताना विषयाच्या ओळीत काय लिहायचं आणि कोणते नंबर द्यायचे

बँकेच्या तक्रारपेटीत मेल आला की तो थेट तुमचं काम करणाऱ्या माणसाकडे जात नाही. आधी वर्गवारी होते. कुठे ती संगणक करतो, कुठे माणूस, पण दोघंही आधी विषयाची ओळ बघतात आणि त्यावरून मेल पुढे ढकलतात. एटीएमचे हिशेब जुळवणारे लोक वेगळे, यूपीआयचे वेगळे, कार्डवरची फसवणूक बघणारे वेगळे, कर्जाचे वेगळे. बहुतेक मोठ्या बँकांत हे लोक तुमच्या शाखेत नसतातच, एखाद्या केंद्रीय कार्यालयात असतात आणि त्यांच्यासमोर दिसते ती तक्रारींची एक लांबलचक यादी. यादीत प्रत्येक तक्रारीची एकच ओळ, तीसुद्धा अर्धीच. मोबाइलवर किंवा यादीत पहिली पन्नास-साठ अक्षरं दिसतात, बाकीचं कापलं जातं.

म्हणून "अर्जंट! कृपया लक्ष द्या" ही ओळ सगळ्यात वाया जाणारी. यादीतल्या निम्म्या ओळी अर्जंटच असतात. शाळेत शिकवलेला "विषय : माझ्या खात्यातील अडचणीबाबत" हाही तसाच. त्यातून अडचण खात्याची आहे एवढंच कळतं, टेबल कळत नाही.

हा लेख एकाच प्रकरणाभोवती आहे: एटीएममधून पैसे निघाले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. हे प्रकरण घेण्याचं कारण म्हणजे यात दोन बँका गुंततात, दोन-तीन वेगवेगळे नंबर असतात आणि चुकीचं लिहिलं तर तक्रार "निकाली" म्हणून परतसुद्धा येते. हे नीट जमलं की यूपीआय, एनईएफटी वगैरेंची तक्रारही लिहिता येते.

आधी ठरवा: अडकले, चोरीला गेले, की चुकून गेले

लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. पैसे व्यवहारात अडकलेत का, कोणी काढून घेतलेत का, की तुमच्याकडूनच चुकीच्या खात्यात गेलेत? तिन्हींची टेबलं वेगळी आहेत आणि घाईसुद्धा वेगळी आहे.

अडकलेले पैसे म्हणजे फेल झालेला व्यवहार. इथे मशीनचा आणि बँकेचा हिशेब जुळवून पैसे परत येतात. काम हिशेब जुळवणाऱ्यांचं. चोरी म्हणजे तुम्ही न केलेला व्यवहार. तिथे आधी कार्ड किंवा खातं बंद करायचं असतं, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो, आणि मेल त्यानंतर. चुकून गेलेले म्हणजे खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला आणि पैसे तिसऱ्याच माणसाकडे गेले. तिथे तुमची बँक परस्पर पैसे ओढून आणू शकत नाही. ती समोरच्या बँकेला कळवते आणि त्या खातेदाराची संमती मागितली जाते.

गोंधळ होतो तो "फसवणूक" या शब्दाने. एटीएमने पैसे दिले नाहीत म्हणून माणूस चिडतो आणि विषयात लिहितो, "बँकेने केलेली फसवणूक". वर्गवारी करणाऱ्याला "फसवणूक" दिसतं, मेल फ्रॉडच्या रांगेत जातो. तिथला माणूस पहिलं काम करतो ते कार्ड बंद करण्याचं. आता पैशांबरोबर कार्डही गेलं, आणि तो व्यवहार तुम्हीच केलेला आहे हे कळल्यावर मेल परत मूळ रांगेच्या शेवटी. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. खरोखरच कोणीतरी पैसे काढलेत आणि विषयात लिहिलंय "ट्रॅन्झॅक्शन प्रॉब्लेम". मेल हिशेबाच्या रांगेत शांतपणे पडून राहतो आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात. राग तक्रारीच्या आत हवा तेवढा व्यक्त करा, विषयात मात्र घडलं काय तेच लिहा.

एक प्रकरण: सांगलीचं एटीएम, कोथरूडचं खातं

ओळखीतल्या एका काकूंचं खातं पुण्यात कोथरूडच्या शाखेत. १४ जून २०२५ ला, शनिवारी, त्या सांगलीत एसटी स्टँडजवळ होत्या. संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी दुसऱ्याच एका बँकेच्या एटीएममधून १०,००० रुपये काढायला गेल्या. मशीन आत खडखडलं, नोटा मोजल्याचा आवाज आला, पण झाकण काही उघडलं नाही. चिठ्ठी मात्र निघाली, आणि मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा मेसेजही आला. घरी लग्नकार्य, पैसे तर हवेतच, म्हणून त्या जवळच्या तिसऱ्या बँकेच्या एटीएमवर गेल्या आणि ७ वाजून ३१ मिनिटांनी परत १०,००० काढले. ते मिळाले.

सोमवारी त्यांनी बँकेला मेल केला. विषय होता "पैसे कट झाले पण मिळाले नाहीत – अर्जंट". आत मजकूर असा की शनिवारी सांगलीला एटीएममधून दहा हजार काढताना पैसे मिळाले नाहीत, खात्यातून मात्र गेले. खाते क्रमांक दिला होता. बस.

२० जूनला उत्तर आलं: व्यवहार यशस्वी आहे, रक्कम दिली गेली आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.

काकूंचा संताप झाला, पण टेबलावरच्या माणसाला काय दिसलं असेल ते बघा. त्याने खातं उघडलं, १४ जूनला सांगलीत १०,००० ची एटीएम नोंद शोधली. एक सापडली, तिची चौकशी केली, मशीनच्या नोंदीत नोटा दिल्याचं दिसलं. ती ७:३१ ची नोंद होती. तक्रारीत वेळ नव्हती, मशीनचा नंबर नव्हता, व्यवहाराचा नंबर नव्हता, आणि त्याच संध्याकाळी तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा काढल्याचा उल्लेखही नव्हता. त्याने खोटं उत्तर दिलं नाही, वेगळ्याच व्यवहाराचं खरं उत्तर दिलं.

एटीएमने पैसे दिले नाहीत की लगेच शेजारच्या मशीनमधून तेवढीच रक्कम काढणारे पुष्कळ असतात. तसं केलं असेल तर तक्रारीत दोन्ही व्यवहार लिहायचे आणि कोणता मिळाला, कोणता नाही ते वेगळं सांगायचं.

चिठ्ठीवरचं काय वाचायचं

एटीएमच्या चिठ्ठीवर पाच गोष्टी उपयोगाच्या असतात: तारीख, वेळ, मशीनचा नंबर, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. मशीनचा नंबर `ATM ID` किंवा `TERM ID` असा छापलेला असतो. चिठ्ठी निघाली नाही तर तो मशीनवर किंवा केबिनच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. बाहेर पडण्याआधी मोबाइलवर त्याचा एक फोटो घेऊन ठेवा. नंतर त्या गावाला परत जाऊन बघणं कोणाला जमतं?

सगळ्यात महत्त्वाचा तो संदर्भ क्रमांक, चिठ्ठीवर बहुधा `RRN` किंवा `REF NO` असा. हा बारा आकडी असतो. दोन बँका आणि मधलं नेटवर्क, तिघांच्याही नोंदीत हाच नंबर असतो, म्हणून तो मिळाला की शोधाशोध संपते. खाते क्रमांक फक्त तुमच्या बँकेला कळतो, ज्या बँकेचं मशीन आहे तिला त्याचा काही उपयोग नाही.

या नंबरात एक गंमत आहे, ती तपासायला उपयोगी पडते. बहुतेक वेळा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १४ जून हा २०२५ मधला १६५ वा दिवस. म्हणून काकूंच्या चिठ्ठीवरचा नंबर 5165 ने सुरू होत होता. तुमच्या हातातला नंबर भलत्याच आकड्यांनी सुरू होत असेल तर तो वेगळ्या दिवसाचा व्यवहार आहे का किंवा उतरवताना आकडा चुकलाय का ते बघा. सगळ्याच यंत्रणा ही पद्धत पाळतात असं नाही, त्यामुळे जुळलं नाही म्हणून नंबर चूकच असं समजू नका.

चिठ्ठी नसेल तर नेट बँकिंगमधल्या स्टेटमेंटमध्ये त्या नोंदीचं पूर्ण वर्णन उघडा. `ATM WDL` सारख्या अक्षरांच्या आसपास बऱ्याचदा मशीनचा नंबर, हा क्रमांक किंवा त्याचा शेवटचा भाग सापडतो. पासबुकात तेच वर्णन तोकडं छापलं जातं, म्हणून पासबुकावर विसंबू नका. कुठेच सापडला नाही तर मशीनचा नंबर, तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ या तिघांवरही व्यवहार शोधता येतो. वेळ मात्र बँकेच्या मेसेजवरून घ्या, आठवणीतून नको.

कोणत्या बँकेला लिहायचं

ज्या बँकेचं कार्ड आहे त्या बँकेला. मशीन कोणाचंही असो. नवखा माणूस हमखास मशीनवर नाव असलेल्या बँकेच्या शाखेत जातो आणि तिथून "तुमच्या बँकेत जा" ऐकून येतो. ते टाळाटाळ करत नसतात. तुमचं खातं त्यांच्याकडे नाही, त्यामुळे तक्रार नोंदवायला त्यांच्याकडे जागाच नसते. तुमची बँक नेटवर्कमधून त्या बँकेवर दावा लावते, ती बँक मशीनची नोंद आणि त्या दिवशी मशीनमध्ये जास्त निघालेली रोकड तपासून उत्तर देते. तुम्ही करायचं ते इतकंच, की दुसऱ्या बँकेचं नाव आणि मशीनचा नंबर तक्रारीत द्यायचा.

विषयाची ओळ

क्रम असा ठेवा: काय घडलं, किती रक्कम, कोणती तारीख, संदर्भ क्रमांक, खात्याचे शेवटचे चार आकडे. घटना आधी, कारण टेबल तिच्यावरून ठरतं. संदर्भ क्रमांक नंतर, कारण ओळ कापली गेली तरी तो आत पुन्हा असतोच. काकूंची दुसरी तक्रार या ओळीने गेली (आकडे बदललेले आहेत):

```
ATM cash not dispensed, Rs 10000, 14-06-2025, RRN 516519004217, A/c xx4821
```

ही ओळ इंग्रजीत का? तक्रार मराठीत करायला काहीच हरकत नाही, शाखेत कागदी अर्ज द्यायचा तर जरूर मराठीत द्या. पण ईमेलची वर्गवारी दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात होत असेल तर विषयाची ओळ तेवढी इंग्रजीत ठेवून मजकूर मराठीत लिहिणं सोयीचं पडतं. "ATM cash not dispensed" हे शब्द बँकांच्या तक्रारींच्या यादीत जवळपास असेच असतात, त्यामुळे संगणकालाही ओळखू येतात. मोबाइल ॲपवर किंवा वेबसाइटवर तक्रार करत असाल तर विषय लिहायची जागा नसते, प्रकार निवडायचा असतो. तिथे "Others" किंवा "इतर" कधी निवडू नका. इतरची रांग कोणाचीच नसते.

आणि मजकूर मराठीत असला तरी आकडे मात्र इंग्रजीच टाका. ५१६५१९००४२१७ असं लिहिलेलं माणसाला वाचता येईल, पण तेच उचलून बँकेच्या संगणकात शोधायला टाकलं तर काही सापडणार नाही. तसंच वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये जागा किंवा आडव्या रेघा घालू नका. नंबर सलग हवा.

कागदी अर्जासाठी तीच ओळ मराठीत अशी होईल: "विषय : एटीएममधून रोख रक्कम न मिळाल्याबाबत, रु. 10000, दि. 14-06-2025, संदर्भ क्र. 516519004217". त्यानंतर "महोदय, वरील विषयास अनुसरून" हवं तर लिहा, नसलं तरी चालतं.

मजकुराच्या सुरुवातीला नंबरांची चौकट

गोष्ट नंतर सांगा. आधी नंबर, एकाखाली एक. टेबलावरच्या माणसाला परिच्छेदातून आकडे वेचायला लावलं की एखादा हमखास निसटतो. काकूंच्या मेलची सुरुवात अशी होती:

```
Date/time : 14-06-2025, 19:12
Amount    : 10000
RRN       : 516519004217
ATM ID    : T1NX4406 (Sangli ST stand)
Card      : xx7730
A/c       : xx4821, Kothrud
```

याखाली चार वाक्यं. पहिल्यात काय घडलं. दुसऱ्यात तो दुसरा व्यवहार: "त्याच दिवशी 19:31 वाजता दुसऱ्या एटीएममधून 10000 काढले, ते मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही." तिसऱ्यात काय हवं आहे: रक्कम परत आणि उशिराची भरपाई. चौथ्यात जोडलेले कागद: चिठ्ठीचा फोटो, मेसेजचा स्क्रीनशॉट, स्टेटमेंटचं त्या दिवसाचं पान. चिठ्ठीची शाई थोड्या दिवसांत उडते, म्हणून फोटो त्याच दिवशी काढा.

काय लिहायचं नाही तेही इथेच सांगतो. कार्डाचा पूर्ण नंबर, मागचे तीन आकडे, पिन, ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड. यातलं काहीही तक्रार सोडवायला लागत नाही. शेवटचे चार आकडे पुरतात. तक्रार गेल्यावर "बँकेतून बोलतोय, रिफंडसाठी ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो बँकेचा नाही. पूर्ण खाते क्रमांक लागलाच तर तो नोंदणीकृत ईमेलवरून बँकेच्या अधिकृत पत्त्यालाच द्या, समाजमाध्यमावर बँकेला टॅग करून तर अजिबात नको. तिथे अशा पोस्टवर टपून बसलेले असतात.

मेल पाठवायचा तो बँकेकडे नोंदवलेल्या पत्त्यावरूनच. मुलाच्या ईमेलवरून आईची तक्रार गेली तर ओळख पटवण्यातच वेळ जातो.

उशिराची भरपाई कशी मोजायची

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएमचा व्यवहार फसला तर पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न बघता द्यायची. दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या वजा करायच्या नाहीत.

काकूंचा व्यवहार १४ जूनचा, म्हणजे मुदत १९ जूनला संपली. दुसरी तक्रार २१ ला गेली आणि १०,००० रुपये २६ जूनला जमा झाले. उशीर सात दिवसांचा, भरपाई ७०० रुपये. पहिल्याच तक्रारीत नंबर असते तर बहुधा भरपाईची वेळ आली नसती. भरपाई त्यांना आपोआप मिळाली नाही, त्याच मेलवर एक ओळ लिहावी लागली: रक्कम २६ जूनला मिळाली, मुदत १९ जूनची होती, सात दिवसांचे ७०० रुपये बाकी आहेत. त्यानंतर आली. अशी मागणी करताना नुसतं "नुकसानभरपाई द्या" न लिहिता हे तीन आकडे द्यायचे. हिशेब तपासायला समोरच्याला अर्धं मिनिट पुरतं.

पाच दिवस थांबून मग तक्रार करू का, असं बरेच जण विचारतात. थांबायचं कारण नाही. पैसे आपोआप आले तर उत्तमच, पण तक्रार लगेच नोंदलेली असेल तर मशीनच्या केबिनमधलं कॅमेऱ्याचं चित्रण मागता येतं. ते कायम जपलं जात नाही.

यूपीआयमध्ये कोणता नंबर

इथे नवख्यांची ठरलेली चूक असते. ॲपच्या पावतीवर दोन नंबर असतात. एक ॲपचा स्वतःचा, दुसरा बँकांच्या नोंदीतला. गुगल पेमध्ये `Google transaction ID` म्हणून अक्षरं आणि आकड्यांची लांब माळ दिसते आणि वेगळा `UPI transaction ID` दिसतो, तो बारा आकडी. फोनपेमध्ये T ने सुरू होणारा व्यवहार क्रमांक त्यांचा स्वतःचा, आणि `UTR` म्हणून दिलेला बारा आकडी नंबर बँकेचा. बँकेला लिहिताना बारा आकडीच द्यायचा. ॲपचा नंबर बँकेच्या संगणकात सापडत नाही आणि मग "अधिक माहिती द्या" असा मेल येतो, म्हणजे तुमचे दोन-तीन दिवस गेले. ॲपमधून तक्रार करायची असेल तर मात्र त्याच व्यवहारावर जाऊन मदतीचं बटण दाबा, तिथे नंबर आपोआप जोडला जातो.

विषयात एक गोष्ट स्पष्ट करा: पैसे माणसाला पाठवले होते की दुकानदाराला. वरच्याच परिपत्रकात माणसाला पाठवलेल्या आणि न पोचलेल्या पैशांसाठी मुदत एका दिवसाची आहे, दुकानदाराच्या व्यवहारात पाच दिवसांची. "UPI debited, merchant not credited" आणि "UPI debited, beneficiary not credited" या दोन ओळींत तोच फरक आहे.

एनईएफटी-आरटीजीएसचा नंबर यूटीआर म्हणूनच ओळखला जातो, पण तो बारा आकडी नसतो. एनईएफटीचा सोळा अक्षरांचा, आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा, आणि सुरुवातीला बँकेची अक्षरं असतात. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत इथे होते, म्हणून हाताने टाइप करू नका, स्टेटमेंटमधून उचलून चिकटवा.

तक्रार क्रमांक मिळाल्यावर

मेल गेला की आपोआप एक उत्तर येतं, त्यात तक्रार क्रमांक असतो. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच मेलला उत्तर देऊन करायचा आणि विषयाची ओळ अजिबात बदलायची नाही. बऱ्याच बँकांची यंत्रणा विषयातला तक्रार क्रमांक वाचूनच मेल जुन्या प्रकरणाला जोडते. नवा विषय टाकून "रिमाइंडर" पाठवला की नवी तक्रार उघडते, ती नव्या माणसाकडे जाते आणि तो तुम्हाला पहिल्यापासून विचारतो. त्यातच तुम्ही शाखेत, ॲपवर आणि फोनवरही तीच तक्रार नोंदवलेली असेल तर एक जण "दुप्पट तक्रार" म्हणून दुसऱ्याची बंद करतो.

प्रती पाठवण्याचंही तसंच. एकाच मेलवर अध्यक्ष, रिझर्व्ह बँक, अर्थमंत्री असे दहा पत्ते टाकले तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. एकाच पत्त्यावर पाठवा.

काकूंसारखं "व्यवहार यशस्वी" उत्तर आलं तर नुसतं "मला मान्य नाही" लिहून उपयोग नाही. त्याच मेलवर दोन ओळी लिहा: तुम्ही तपासलेला व्यवहार कोणत्या संदर्भ क्रमांकाचा आणि किती वाजताचा होता ते कळवा, माझी तक्रार 516519004217 या, 19:12 च्या व्यवहाराची आहे. शिवाय मशीनची इलेक्ट्रॉनिक जर्नलची नोंद, त्या दिवशी रोकड जुळवल्याचा अहवाल आणि कॅमेऱ्याचं चित्रण तपासून उत्तर द्यावं. काकूंचं काम दुसऱ्या तक्रारीतल्या नंबरानेच झालं. नंबर समोर दिसल्यावर वेगळाच व्यवहार तपासल्याचं बँकेला कळलं.

खालच्या पायरीवर काम होत नसेल तर बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर नोडल अधिकाऱ्याचा पत्ता असतो. त्याला लिहिताना विषयाची ओळ थोडी बदलते, कारण हा नवा मेल आहे आणि त्याला आधी जुनी तक्रार उघडायची असते. म्हणून तक्रार क्रमांक पुढे आणा:

```
Escalation: complaint no. <number>, ATM cash not dispensed, Rs 10000, 14-06-2025
```

आत पुन्हा तीच नंबरांची चौकट, त्याखाली तीन गोष्टी: तक्रार कधी केली, उत्तर कधी आलं, उत्तरात काय चूक आहे. गोष्ट परत सांगू नका, जुना मेल खाली जोडा.

बँकेने तक्रार फेटाळली, किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. बँकेकडे आधी न जाता थेट तिथे गेलेली तक्रार परत केली जाते, आणि बँकेला पाठवलेल्या मेलची प्रत त्यांना टाकली म्हणजे तक्रार झाली असंही होत नाही. तिथल्या अर्जात बँकेकडे तक्रार केल्याची तारीख विचारतात. ही तारीख तुमच्या पहिल्या मेलची, शेवटच्या रिमाइंडरची नाही, आणि पुरावा म्हणून तक्रार क्रमांक असलेलं ते आपोआप आलेलं उत्तर जोडायचं असतं. ते पुष्कळ जण कचरा समजून पुसून टाकतात. काम पूर्ण होईपर्यंत ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.